मधली उभी रेघ

‘हायपरथायरॉयडिझम आणि हायपोथायरॉयडिझम यांच्या लक्षणांची संस्थानिहाय तुलना करा.’ मेडिसिनच्या पेपरात हा प्रश्न आम्ही शिकत होतो तेव्हा, म्हणजे १९८० च्या आसपास, फिरून फिरून यायचा आणि आजही येतो. तो दिसला की परीक्षेच्या हॉलमध्ये निम्म्या मुलांचा हात पेनाकडे जायच्या आधी पट्टीकडे जायचा. पेन्सिलीनं पानावर दोन उभ्या रेघा मारायच्या. डावीकडे अरुंद रकाना, त्यात शरीरसंस्थेचं नाव. मधला रकाना जास्त चालणाऱ्या थायरॉईडचा, त्यालाच आम्ही डावा म्हणायचो, उजवा मंदावलेल्याचा. त्या दोघांमधली रेघ मात्र अगदी सरळ हवी, कारण पेपर तपासणारे सर त्या रेघेच्या दोन्ही बाजूंना लाल पेनानं बरोबरच्या खुणा करत खाली उतरतात, असं आमचे सीनियर्स छातीठोकपणे सांगत.

मी एका सरकारी मेडिकल कॉलेजात शिकले. हॉस्टेलवर डेव्हिडसनच्या पुस्तकाची ती स्वस्तातली ईएलबीएस आवृत्ती खोलीत एखादी तरी असायचीच. पण परीक्षेच्या आदल्या रात्री हातात असायची ती सीनियर मुलीची वही, नाहीतर त्या वहीची सायक्लोस्टाइल केलेली पुसट प्रत. थायरॉईडच्या तक्त्याला त्या वहीत एक अख्खं पान होतं आणि पानाच्या माथ्यावर लिहिलेलं होतं, ‘मे महिना विरुद्ध डिसेंबर’. एका बाजूला उकाडा, घाम, धावपळ, भूक. दुसऱ्या बाजूला थंडी, कोरडी कातडी, सुस्ती, पांघरूण. एक रकाना पाठ करायचा आणि दुसरा उलटा करून लिहायचा, अशी ती युक्ती.

तो तक्ता साधारण असा असायचा:

| संस्था | जास्त चालणारा थायरॉईड | मंदावलेला थायरॉईड |
|---|---|---|
| सर्वसाधारण | उकाडा सहन होत नाही. भूक चांगली, तरी वजन घटतं | थंडी सहन होत नाही. वजन थोडं वाढतं |
| त्वचा | गरम, मऊ, ओलसर | गार, कोरडी, खरखरीत. चेहरा सुजरा |
| हृदय | नाडी जलद, कधी अनियमित. रक्तदाबाच्या दोन आकड्यांत अंतर मोठं | नाडी संथ. खालचा आकडा चढलेला |
| पोट | शौचाला वारंवार | बद्धकोष्ठ |
| मज्जासंस्था | बोटांना बारीक कंप, चिडचिड, झोप नाही | मंद हालचाल, घोगरा आवाज, अँकल जर्क सावकाश सुटतो |
| पाळी | कमी, लांबलेली | जास्त जाते |
| रक्त | कोलेस्टेरॉल कमी | कोलेस्टेरॉल जास्त |

उलटं करून लिहिण्याची युक्ती बऱ्याच ओळींना चालते, कारण या ग्रंथीचं संप्रेरक जवळजवळ प्रत्येक पेशीच्या कामाचा वेग ठरवतं. वेग वाढला की उष्णता जास्त तयार होते आणि वेग उतरला की कमी. आतड्यांची हालचाल, घाम, यकृताकडून कोलेस्टेरॉलचा निचरा या सगळ्यांचं गणित तिथून सुटतं. पण आमच्या मेडिसिनच्या सरांना उलटं करून लिहिलेला तक्ता लगेच ओळखू यायचा. तोंडी परीक्षेला ते तक्त्यातली जिथं आरसा फुटतो नेमकी तीच ओळ विचारायचे.

त्यातली पहिली ओळ रक्तदाबाची. डाव्या रकान्यात ‘रक्तदाब जास्त’ लिहिलं की उजवीकडे ‘रक्तदाब कमी’ आपोआप लिहिलं जातं, आणि ते चूक असतं. संप्रेरक जास्त झालं की हृदय जोरानं आणि जलद रक्त फेकतं, म्हणून वरचा आकडा चढतो. त्याच वेळी अंगभरच्या बारीक रक्तवाहिन्या सैलावतात, म्हणून खालचा उतरतो. अशा रुग्णाचा दाब १५० वर ६० असा मिळतो आणि मनगटावर नाडी बोटाला टोले देते. संप्रेरक कमी पडलं की हृदयाचं काम मंदावतं, पण रक्तवाहिन्या आवळतात आणि खालचा आकडा वर जातो. १३० वर १०० असा दाब घेऊन आलेली, सुजऱ्या चेहऱ्याची, घोगऱ्या आवाजाची बाई मी पुढे प्रॅक्टिसमध्ये कितीदा तरी पाहिली. दाबाची गोळी चालू असते आणि दाब काही हटत नाही. थायरॉईडची गोळी सुरू झाल्यावर काही महिन्यांत दाबाची गोळी कमी करावी लागते.

दुसरी ओळ नडगीची. नडगीवर येणारी जाडसर, संत्र्याच्या सालीसारखी खळगे पडलेली सूज हिचं नाव ‘प्रीटिबियल मिक्सिडीमा’. मिक्सिडीमा हा शब्द ऐकला की हात उजव्या रकान्याकडे जातो, आणि ती सूज डाव्या रकान्यातली निघते, तीही ग्रेव्ह्ज या एकाच आजारात. डोळे बाहेर येणं हेही ग्रेव्ह्जचंच. वरची पापणी वर ओढली गेल्यामुळे नजर रोखल्यासारखी दिसणं मात्र कुठल्याही कारणानं संप्रेरक वाढलं तरी दिसू शकतं. फरकाचं कारण असं, की डोळ्यांमागची आणि नडगीवरची सूज संप्रेरकामुळे येतच नाही. ग्रेव्ह्जमध्ये शरीराची संरक्षणव्यवस्था थायरॉईडला चिथावणी देते आणि तीच या दोन जागीही हात घालते. म्हणूनच औषधानं संप्रेरक ताळ्यावर आलं तरी डोळे लगेच मागे जात नाहीत. वजन वाढलं, नाडी शांत झाली, मग डोळे अजून तसेच का, हे रुग्णाला समजावून सांगावं लागतं.

पण माझी आवडती ओळ अँकल जर्कची. रुग्णाला खुर्चीवर गुडघे टेकून, पाठमोरं बसवायचं. दोन्ही पावलं खुर्चीच्या कडेबाहेर सैल लोंबकळली पाहिजेत. टाचेच्या वर जी जाड शीर लागते, तिच्यावर हातोडीनं हलकासा ठोका द्यायचा. पाऊल झटक्यानं मागे जातं आणि तितक्याच झटक्यानं परत येतं. थायरॉईड मंदावलेला असला की पाऊल मागे जातं आणि परत येताना रेंगाळतं. आकुंचनही मंदच असतं, पण डोळ्यांना टिपता येतं ते हे परत येणं. स्नायू सैल व्हायचा तर त्यातलं कॅल्शियम पुन्हा साठ्यात ओढून घ्यावं लागतं, आणि ते ओढणारा पंप संप्रेरक कमी पडलं की संथ चालतो. सर दोन खुर्च्या शेजारी शेजारी ठेवायचे, एकीवर रुग्ण, दुसरीवर आमच्यापैकी कुणीतरी, आणि दोघांच्या टाचांवर पाठोपाठ ठोके देऊन दाखवायचे. एकदा ते पाहिलं की विसरता येत नाही. अर्थात म्हातारपणात, मधुमेहात, पायावर सूज असताना ही ओळ फसवू शकते, हेही त्याच वर्गात सांगून व्हायचं.

हे सगळं एवढं कसोशीनं करण्याचं कारण साधं होतं. रक्ताचा रिपोर्ट लवकर मिळत नसे. थायरॉईडचे हार्मोन मोजायचे तर रेडिओइम्युनोअ‍ॅसे लागायचा. ती पद्धत अमेरिकेत रोझलिन यालो आणि सॉलोमन बर्सन यांनी काढली आणि यालोबाईंना त्यासाठी १९७७ चं नोबेल मिळालं. आमच्याकडे नमुना मुंबईला जायचा, परळच्या रेडिएशन मेडिसिन सेंटरला. रुग्णाचाच कुणी नातेवाईक बर्फात ठेवलेली सीरमची बाटली घेऊन रात्रीच्या गाडीनं निघायचा आणि रिपोर्ट पोस्टानं यायचा. मधल्या काळात निर्णय करायचा तो तक्त्याच्या भरवशावर.

आज ऐकणाऱ्याला खरं वाटत नाही अशी गोष्ट म्हणजे तेव्हाची टीएसएच तपासणी एकाच डोळ्यानं पाहायची. पिट्युटरीतून येणारं हे टीएसएच थायरॉईड मंदावला की वाढतं आणि जास्त चालला की जवळजवळ शून्यावर जातं. तेव्हाच्या चाचणीला वाढलेलं टीएसएच दिसायचं, पण नॉर्मल आणि शून्य यांतला फरक कळायचा नाही. म्हणजे उजव्या रकान्याला चाचणीचा आधार होता, डाव्याला नव्हता. १९८० च्या दशकाच्या मध्यावर नव्या, जास्त बारीक मोजणाऱ्या चाचण्या आल्या, तेव्हा कुठं दोन्ही बाजू एकाच आकड्यानं कळायला लागल्या.

त्याआधी काही मंडळींनी तक्त्यालाच आकडे लावून पाहिले होते. ग्लासगोचे एडवर्ड वेन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९५९ मध्ये डाव्या रकान्याची गुणपत्रिका केली. ती ‘वेन्स इंडेक्स’ म्हणून आम्हाला पाठ होती. गारवा हवासा वाटणं अधिक पाच, ऊब हवीशी वाटणं उणे पाच, वजन घटणं अधिक तीन, अशी बेरीज करत जायची. १९ च्या वर गेलं तर थायरॉईड जास्त चालतोय, ११ च्या खाली असेल तर नाही, मधलं असेल तर तपासण्या करा. उजव्या रकान्याची अशीच गुणपत्रिका बिलेविझ आणि सहकाऱ्यांनी १९६९ मध्ये काढली. तिच्यात सगळ्यांत जास्त गुण सावकाश सुटणाऱ्या अँकल जर्कला, त्याखालोखाल मंद हालचालींना. आणि वजन वाढण्याला किती? फक्त एक. आज माझ्याकडे ‘डॉक्टर, थायरॉईडच असणार, वजन वाढतंय’ म्हणत येणाऱ्या प्रत्येक बाईला तो एक दाखवावासा वाटतो. खरोखर मंदावलेल्या थायरॉईडमध्ये जे काही वजन वाढतं ते बहुधा थोड्या किलोंचंच असतं, आणि त्यातलं पुष्कळसं पाणी आणि मीठ.

या गुणपत्रिकेची मर्यादा मला वॉर्डातल्या एका रुग्णामुळे कळली. साठी ओलांडलेले एक शेतकरी. चालताना धाप, छातीत धडधड, थकवा. सहा महिन्यांत अंगावरचे कपडे ढगळ झालेले. पण भूक मेलेली. दिवसभर भिंतीकडे तोंड करून पडलेले. विचारलं तर हो-नाही एवढंच. नाडी अनियमित, १३० च्या घरात. डिजॉक्सिन चालू होतं, पण नाडी खाली यायचं नाव घेत नव्हती. छातीचा फोटो साफ. घरच्यांना आणि आम्हालाही वाटत होतं की कुठंतरी कॅन्सर दडलेला असणार.

राउंडला सरांनी वेनची बेरीज करायला सांगितली. धाप अधिक एक, धडधड अधिक दोन, थकवा अधिक दोन. भूक कमी, उणे तीन. वजन घटलं, अधिक तीन. इथपर्यंत पाच. मग हाताला काय लागतं ते. गळ्यात गाठ लागत नाही, उणे तीन. गळ्यावर स्टेथोस्कोप ठेवून सुरसुर ऐकू येत नाही, उणे दोन. हालचालींत घाई नाही, उणे दोन. तळहात गरम नाही, उणे दोन, आणि ओलाही नाही, उणे एक. बेरीज आली उणे पाच. बोटांचा बारीक कंप अधिक एक, नाडी ९० च्या वर अधिक तीन, नाडी अनियमित अधिक चार. एकूण तीन. म्हणजे कागदावर थायरॉईड निर्दोष सुटला.

सर म्हणाले, ‘बेरीज बरोबर आहे. आता मला सांगा, डिजॉक्सिनला न जुमानणारी ही नाडी कशानं पळतेय?’ आणि त्यांनी रात्रीच्या सिस्टरांना एक काम लावलं. रुग्ण गाढ झोपला की दोन वाजता, त्याला जागं न करता, छातीवर स्टेथोस्कोप ठेवून पूर्ण मिनिटभर ठोके मोजायचे. काळजीनं, भीतीनं वाढलेले ठोके झोपेत खाली येतात. थायरॉईडनं वाढलेले फारसे येत नाहीत. सकाळी तापाच्या तक्त्यावर सिस्टरांच्या अक्षरात आकडा होता, ११८.

बाटली मुंबईला गेली. रिपोर्ट आला तो टी-थ्री आणि टी-फोर दोन्ही चांगलेच वाढलेले सांगत. कार्बिमाझोल सुरू झालं. काही आठवड्यांनी आजोबा जेवणात मीठ कमी आहे म्हणून मेसवाल्याशी भांडले, आणि तीन-चार महिन्यांनी नाडी आपोआप एका लयीत आली. अशा रूपाला बोस्टनचे सर्जन फ्रँक लेही यांनी १९३१ मध्येच ‘अ‍ॅपथेटिक’ म्हणजे उदास, निरिच्छ असं नाव देऊन ठेवलं होतं. उतारवयात डाव्या रकान्यातल्या बहुतेक ओळी मिटतात. हृदय आणि वजन या दोनच उरतात, कधी नुसतं हृदय. आमच्या वहीतल्या ‘मे महिन्या’त याला जागा नव्हती.

आता चित्र पालटलं आहे. तालुक्याच्या गावातही सकाळी रक्त दिलं की संध्याकाळी मोबाइलवर रिपोर्ट येतो. रुग्ण दारातून आत येण्याआधी त्याचा आकडा आत येतो. खुर्चीवर गुडघे टेकायला लावलं तर नव्या रुग्णांना वाटतं, बाई काहीतरी जुनाट प्रकार करतायत. आणि खरं सांगायचं तर बारीक मोजणाऱ्या टीएसएचनं जे काम केलं ते आमच्या तक्त्याला कधीच जमलं नसतं. गरोदरपणात लक्षणं नसतानाच मंदावलेला थायरॉईड सापडतो. नवजात बाळाच्या टाचेतल्या रक्ताच्या थेंबावरून सापडतो, आणि वेळेत गोळी सुरू झाली तर मुलाची बुद्धी वाचते. तक्त्यातल्या खुणा दिसेपर्यंत वाट पाहिली असती तर त्या बाळांसाठी फार उशीर झाला असता. पाळी जास्त जाते म्हणून क्युरेटिंग करून घेतलेल्या आणि थायरॉईडचं नावही न ऐकलेल्या बायका पूर्वी यायच्या. त्या आता कमी झाल्या.

पण या आकड्यालाही फसवता येतं, आणि ते कसं कळतं याचं अलीकडचं उदाहरण सांगते. चाळिशीतल्या एक शिक्षिका रिपोर्ट घेऊन आल्या, घाबरलेल्या. टीएसएच ०.०२, फ्री टी-फोर वाढलेलं. मोबाइलवर वाचून आजाराचं नावही ठरवून आलेल्या. ‘गोळ्या लगेच सुरू करा, हृदयावर जातं म्हणे.’ मी मनगट हातात घेतलं. नाडी ६८. तळहात कोरडा, गारसर. हात पुढे करायला लावून बोटांवर कागद ठेवला, कागद हलला नाही. वजन उलट दोन किलो वाढलेलं, झोप छान, शौचाला एक दिवसाआड. डाव्या रकान्यातली एकही ओळ लागेना. एकच तक्रार होती, केस गळतात. आणि ती ओळ तर दोन्ही रकान्यांत बसते.

केस गळतात तर त्यावर काही घेता का, असं विचारल्यावर पर्समधून डबी निघाली. बायोटिन, १० मिलिग्रॅम, रोज. शरीराला दिवसाला लागतं ते मायक्रोग्रॅममध्ये. बऱ्याच लॅबमधल्या यंत्रांत हार्मोन पकडण्यासाठी बायोटिन आणि स्ट्रेप्टॅव्हिडिन या जोडीच्या घट्ट बंधाचा वापर केलेला असतो. रक्तात वरून घेतलेलं बायोटिन तरंगत असलं की ते त्या जागा अडवतं आणि यंत्राला मिळणारी खूण क्षीण होते. टीएसएच मोजण्याच्या पद्धतीत क्षीण खूण म्हणजे आकडा कमी. टी-फोर मोजण्याची पद्धत नेमकी उलटी, तिथं क्षीण खूण म्हणजे आकडा जास्त. परिणामी कागदावर जास्त चालणाऱ्या थायरॉईडचं अगदी पुस्तकी चित्र उमटतं, आणि माणूस ठणठणीत. अशा वेळी कार्बिमाझोल सुरू केलं तर चांगला थायरॉईड औषधानं मंदावायचा. मी गोळ्या बंद करायला सांगून आठवड्यानं पुन्हा रक्त द्यायला सांगितलं. टीएसएच ३.१ आलं. एरवी दोन दिवस आधी बंद केलं तरी बहुधा पुरतं. डोस मोठा असेल तर जास्त दिवस थांबलेलं बरं. हल्ली थायरॉईडचं रक्त लिहून देताना केसांच्या गोळ्यांचं मी आधी विचारते.

पूर्वी चाचणी नव्हती म्हणून तक्ता लागायचा. आता चाचणी खरं बोलतेय का, हे पाहायला लागतो.

माझी भाची यंदा शेवटच्या वर्षाला आहे. २०१९ नंतरच्या नव्या अभ्यासक्रमातली. तिचा तक्ता टॅबवर, पाच रंगांत. बोटानं ओढला की एक एक ओळ झाकली जाते आणि स्वतःची परीक्षा घेता येते. आमच्या सायक्लोस्टाइलपेक्षा शंभर पटींनी बरा. पुढच्या प्रवेश परीक्षेचे तिचे बहुपर्यायी प्रश्न तर थेट रुग्णाच्या गोष्टीनं सुरू होतात: अमुक वय, तमुक तक्रार, नाडी इतकी, सांगा काय. तक्ता पाठ असून भागत नाही, तो माणसावर बसवता यावा लागतो. हे मला आवडलं.

मी तिला दोन गोष्टी सुचवल्या. एक म्हणजे चौथा रकाना, ‘दोन्हीकडे’. त्यात थकवा, केस गळणं, मूल न राहणं. मांड्या-दंडांच्या स्नायूंची दुर्बलताही त्यातच. खाली बसलेल्या माणसाला हाताचा आधार न घेता उठता येत नाही, ती. या ओळी लोक जबरदस्तीनं एका बाजूला कोंबतात.

दुसरी म्हणजे तक्त्याच्या खाली दोन ओळींची टीप, कारण काही आजारांत रुग्ण स्वतःच डाव्या रकान्यातून उजव्यात जातो. बाळंतपणानंतर दोन-तीन महिन्यांनी एखादीला धडधड, घाम, चिडचिड सुरू होते, वजन उतरतं. घरात सगळे म्हणतात, जागरणानं होतंय. रक्त तपासलं तर टीएसएच शून्याजवळ. पण थायरॉईड इथं जास्त संप्रेरक तयार करत नसतो. त्याला सूज येऊन साठवलेलं संप्रेरक गळत असतं, म्हणून तयार होणं थांबवणारं कार्बिमाझोल इथं कामाचं नाही. धडधड फार असेल तर तेवढ्यापुरतं प्रोप्रॅनोलॉल पुरतं. साठा संपला की पाच-सहा महिन्यांच्या सुमारास तीच बाई उजव्या रकान्यात: सुस्ती, थंडी, बद्धकोष्ठ, टीएसएच वाढलेलं. बहुतेक जणी वर्षभरात पूर्ववत होतात, काहींना गोळी कायमची लागते. पहिल्या टप्प्यात ग्रेव्ह्ज आहे की हे आहे, ते डोळ्यांवरून, गळ्यावरच्या सुरसुरीवरून आणि रक्तातल्या टीएसएच-रिसेप्टरविरोधी अँटिबॉडीवरून ठरवायचं.

भाचीनं सगळं ऐकून घेतलं, टॅबवर लिहूनही घेतलं. मग म्हणाली, ‘मावशी, अगं प्रश्न पाच गुणांचा आहे आणि त्याला पान एकच. एवढं सगळं बसवू कुठं?’

‘वजनाची ओळ आखूड कर,’ मी म्हटलं. ‘जागा होते.’